दुसऱ्या पानाचा घटक

चंद्रपूरच्या मुलींच्या वसतिगृहात आठवीला कोणाला जागा द्यायची, हे एका वर्षी बारा प्रश्नांवर ठरलं. ते प्रश्न माझ्या सहकारी बाईंचे होते आणि त्यांचे आकडे मी चालवले होते. ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो, म्हणजे चाळीस पोरांना सरासरी आणि मध्यक यांतला फरक दरवर्षी नव्याने सांगायचो आणि परीक्षेत तो दरवर्षी नव्याने चुकलेला तपासायचो. त्यामुळे कोणी खरंखुरं काम घेऊन आलं की मला बरं वाटायचं. तेवढ्यापुरतंच.

बाई मानसशास्त्र शिकवायच्या. नवरा औष्णिक वीज केंद्रात, राहायला ऊर्जानगरला. सकाळी वीज मंडळाच्या बसने यायच्या आणि संध्याकाळची बस चुकली तर वैतागायच्या. त्यांचे वडील भद्रावतीच्या फॅक्टरीत कामगार होते. घरातली पीएच.डी. करणारी ही पहिलीच, आणि सगळ्या घराचं लक्ष त्या प्रबंधावर. त्यांचा विषय होता आश्रमशाळेतली मुलं. गडचिरोलीकडच्या शाळांतून सातवी झालेल्या हुशार मुली चंद्रपूरच्या वसतिगृहात यायच्या आणि उन्हाळ्याच्या तोंडाला मोहफुलं वेचायला घरी गेल्या की त्यातल्या बऱ्याच परत यायच्या नाहीत. जागा रिकामी राहायची. टिकणारी मुलगी आधीच ओळखता आली तर, असा प्रश्न तिथल्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या साहेबांना पडला होता आणि बाईंच्या प्रश्नावलीत त्यांना उत्तर दिसलं.

प्रश्नावलीचे दोन भाग होते. पहिले सहा प्रश्न अभ्यासाच्या ओढीचे, पुढचे सहा घरापासून दूर राहण्याच्या तयारीचे. प्रत्येक वाक्य वाचून दाखवायचं आणि मुलाने पाच गोलांपैकी एकावर खूण करायची, 'बिलकुल नाही' पासून 'अगदी खरं' पर्यंत. सायक्लोस्टाइलवर दोन पानं निघाली, एका भागाला एक पान. कोणतं पान कोणी वाचायचं, हे शाळांनीच ठरवून टाकलं. आश्रमशाळेत दिवसावर मुख्याध्यापकांचा हक्क आणि संध्याकाळपासून अधीक्षकांचा. अभ्यासाचं गुरुजी बघतील, मुलांच्या राहण्या-जेवणाचं अधीक्षक बघतील, यात कोणाला काही वावगं दिसलं नाही. उलट एकमेकांच्या कामात हात न घालणं ही तिकडे सभ्यता मानली जाते. म्हणून पहिलं पान सकाळी वर्गात भरून झालं आणि दुसरं संध्याकाळच्या हजेरीनंतर, जेवणाच्या आधी, अधीक्षकांसमोर. बहुतेक शाळांत अधीक्षक रांगांमधून फिरत वाचायचे.

अडीचशेच्या आसपास मुलामुलींचे कागद जमले. ते आकडे मी संगणकाच्या कार्डांवर टोचून घेतले आणि गठ्ठा मांडीवर घेऊन एस.टी.ने नागपूरला गेलो. तिथल्या एका संगणक केंद्रात आमच्या ओळखीच्या माणसाने परदेशातून आणलेला प्रोग्रॅम होता. कन्फर्मेटरी फॅक्टर अ‍ॅनालिसिस तो करायचा. काम सांगायला सोपं आहे. बारा प्रश्नांच्या सहासष्ट जोड्या होतात. प्रत्येक जोडीतली उत्तरं किती एकमेकांसारखी हलतात, हे मोजायचं. मग आपण म्हणायचं की या सगळ्या हालचालीच्या मागे न दिसणारे दोनच घटक आहेत, पहिले सहा प्रश्न एकाचे आणि पुढचे सहा दुसऱ्याचे. हे आपलं म्हणणं धरून प्रोग्रॅम त्या सहासष्ट जोड्या नव्याने तयार करतो आणि खऱ्यांशी ताडून बघतो. किती जुळलं, ते सांगणाऱ्या आकड्यांना जुळणीचे निर्देशांक म्हणतात.

जुळणी सुरेख होती. काय-स्क्वेअर, म्हणजे न जुळलेल्या फरकाचा आकडा, अठ्ठावन्न; स्वातंत्र्याच्या मात्रा त्रेपन्न, आणि तो आकडा या मात्रांच्या जवळपास असला की बरं. म्हणजे जो फरक उरला तो योगायोगाने उरू शकेल एवढाच. जीएफआय पॉइंट शहाण्णव, आणि तो एकच्या जेवढा जवळ तेवढा चांगला. उरलेल्या चुकांची सरासरी पॉइंट शून्य चारच्या आसपास. बाराही प्रश्नांमागे एकच घटक धरून पाहिलं, तेव्हा काय-स्क्वेअर दोनशेच्या वर गेला. म्हणजे घटक दोन आहेत, हे म्हणायला जागा होती. तो हिरव्या पट्ट्यांचा लांबलचक कागद बाईंनी स्टाफरूमच्या टेबलावर पसरला आणि सगळ्यांना चहा पाजला.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "मॅडम, एवढंच सिद्ध झालंय की हे आकडे दोन घटकांच्या मांडणीशी विसंगत नाहीत. ते घटक कसले, हे कागद सांगत नाही."

"सर, तुमी आनंदाच्या वेळीच काऊन असं बोलता?" बाई म्हणाल्या.

ते खरं होतं. माझ्या घरीही हीच तक्रार होती.

बाईंचे मार्गदर्शक नागपूरचे. त्यांनी कागद पाहिला आणि अहवालात स्वतःच्या हाताने वाक्य घातलं की प्रश्नावली वैध ठरली आहे. निर्देशांकांचा परिच्छेद मी लिहिला होता; त्यात जुळणी उत्तम एवढंच होतं. पण उत्तम आणि वैध हे शब्द एका पानावर आले की वाचणाऱ्याला एकच वाटतात. साहेबांनी अहवाल मागवून घेतला आणि जूनमध्ये नियम केला: दुसऱ्या भागात ज्या मुलीचे गुण कमी, तिचं नाव वसतिगृहाच्या यादीतून बाद. अभ्यासाचे मार्क त्यानंतर बघायचे.

जुलैच्या सुरुवातीला एका आश्रमशाळेचे मुख्याध्यापक कॉलेजात आले. गडचिरोलीच्या पलीकडून निघून, दोन गाड्या बदलून, भिजून आले होते. बसायला खुर्ची दिली तर बसले नाहीत.

"सर, तुमचा कंपुटर काय सांगून राह्यला?" ते मला म्हणाले. "माह्या शाळेतली पहिली पोरगी. सातवीत तिच्याएवढे मार्क कोनाले नाई. तिले जागा नाई म्हनते. आन् जे चार पोरी घेतल्या, त्याइले धड बेरीज येत नाई."

बाईंनी त्या मुलीचे कागद काढले. पहिल्या पानावर सगळ्या खुणा एका टोकाला: अभ्यास आवडतो, पुढे शिकायचं आहे, वगैरे. दुसऱ्या पानावर सगळ्या खुणा गुण कमी करणाऱ्या. घरची आठवण रोज येते. मोहाच्या दिवसांत घरी जावंसं वाटतं. या दोन्हींपुढे 'अगदी खरं'. वसतिगृहात राहायला आवडतं, या वाक्यापुढे 'बिलकुल नाही'.

"इतकं कोणीच लिहिलं नाई," बाई म्हणाल्या. "बाकी पोरी मधल्या गोलावर तरी थांबतात." मग त्यांनी कागद खाली ठेवला. "सर, मी पाचवीपासून होस्टेलमधे होती. कॉलेज संपेपर्यंत. रोज रडायची मी घरच्यासाठी. ही प्रश्नावली मी तेव्हा भरली असती तर मलेच जागा भेटली नसती."

मुख्याध्यापकांनी मग आपल्या अधीक्षकांबद्दल सांगितलं. माणूस वाईट नव्हता, पण कडक. घरी जायचं आहे असं कोणी म्हटलं तर तो त्याला कामचुकारपणा समजायचा आणि सर्वांसमोर उभं करायचा. पोरी हे पहिल्या आठवड्यात शिकायच्या. ही एक मुलगी शिकली नाही, किंवा शिकूनही तिने खरं तेच लिहिलं.

ते गेल्यावर मी नागपूरचा तो कागद पुन्हा काढला. मला आठवतं, मला राग आला होता आणि कोणावर काढावा ते कळत नव्हतं. अभ्यासाचा प्रत्येक प्रश्न पहिल्या पानावर होता, सकाळी, गुरुजींच्या आवाजात. दूर राहण्याचा प्रत्येक प्रश्न दुसऱ्या पानावर, संध्याकाळी, अधीक्षकांच्या नजरेखाली. एकही प्रश्न इकडचा तिकडे नव्हता. म्हणजे 'दूर राहण्याची तयारी' हे नाव खोडून मी तिथे 'अधीक्षकांसमोर काय बोलावं याची समज' असं लिहिलं असतं, तरी गणितात काही बदललं नसतं. तेच सहा प्रश्न, तीच समीकरणं, तोच अठ्ठावन्न आणि तोच पॉइंट शहाण्णव. घटकाला नाव आपण देतो. प्रोग्रॅमला ते नाव दिसतही नाही. देवळाबाहेर चप्पल पायात बरोबर बसली म्हणून ती आपलीच असते असं नाही, एवढी साधी गोष्ट.

"मग आता?" बाईंनी विचारलं.

"प्रश्न मिसळा," मी म्हटलं. "दोन्ही पानांवर दोन्ही तऱ्हेचे तीन-तीन प्रश्न टाका. वाचणारे तेच ठेवा, वेळ तीच ठेवा. नवीन मुलं घ्या. मग बघू प्रश्न आपल्या विषयाकडे जातात की आपल्या पानाकडे."

मार्गदर्शकांना ते पसंत पडलं नाही. झालेलं काम उकरू नका, प्रबंध देऊन टाका, असं ते म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. प्रबंध झाला असता तर बाईंची नोकरी पक्की झाली असती. बाईंनी घरी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. पावसाळाभर आम्ही शनिवारी निघायचो. सिंदेवाहीच्या बाजूच्या दोन शाळा, मग वैनगंगेपलीकडच्या. गाडीच्या गळक्या टपाखाली थेंब चुकवत बसायचं, उतरायचं, चिखल तुडवायचा, शाळेत पोचायचं तर अर्धी मुलं तापाने झोपलेली. मला त्या कामाचा कंटाळा यायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. आकडे माझ्याकडे आयते यावेत, अशी माझी सवय.

एका शाळेत गेलो तर अधीक्षक रजेवर. तिथे बाईंनी सकाळीच, वर्गात बसून, दोन्ही पानं स्वतः वाचली. मुली आधी गप्प होत्या. मग कोणीतरी हसलं, आणि घरची आठवण येते या वाक्याला खुणा 'अगदी खरं' वर धडाधड पडायला लागल्या. त्या शाळेचे कागद आम्ही वेगळे ठेवले. ते थोडे होते, त्यांच्यावर प्रोग्रॅम चालवणं बरोबर झालं नसतं. पण माझ्या मनातली शंका तिथेच बरीचशी मिटली.

दिवाळीनंतर मी कार्डांचा दुसरा गठ्ठा घेऊन नागपूरला गेलो. या वेळी मुलं दोनशे होती. आधी विषयाप्रमाणे गट केले: अभ्यासाचे सहा, दूर राहण्याचे सहा. काय-स्क्वेअर एकशे सत्तर, मात्रा त्याच त्रेपन्न. जीएफआय पॉइंट सत्त्याऐंशीवर उतरला. मग विषय विसरून पानाप्रमाणे गट केले: पहिल्या पानावरचे सहा, दुसऱ्या पानावरचे सहा. काय-स्क्वेअर एकसष्ट. जीएफआय पॉइंट पंच्याण्णव. केंद्रातला माणूस म्हणाला, वा, काय छान जुळलं. मी कागद गुंडाळायला घेतला.

परतताना एस.टी.त वरोऱ्यापर्यंत उभा होतो आणि मला वाईट वाटत होतं. प्रश्न मिसळल्याबरोबर आपले दोन घटक फुटले होते. जे पहिल्यांदा जुळलं ते पान जुळलं होतं. आणि तरी मी स्वतःला बजावत होतो की पानाचा घटक म्हणजे अधीक्षकांचा धाकच, हेही पॉइंट पंच्याण्णव सांगत नाही. संध्याकाळची भूक असेल, थकवा असेल, मुलं एकमेकांचं बघून खुणा करत असतील. धाक आहे असं मी त्या रजेवरच्या अधीक्षकांच्या शाळेमुळे म्हणत होतो, मुख्याध्यापकांच्या बोलण्यामुळे म्हणत होतो. निर्देशांक चांगला आला म्हणून नव्हे.

आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेब तिकडचे नव्हते, बोलणं स्वच्छ, वागणं नीट. बाईंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं: या प्रश्नावलीने मुलगी टिकेल की नाही हे कळत नाही, तसं आम्ही तपासलेलंही नव्हतं, आणि दुसऱ्या भागातले कमी गुण म्हणजे फार तर एवढंच की ती मुलगी अधीक्षकांसमोर खरं बोलली. त्या आधारावर बाद केलेल्या मुलींची नावं पुन्हा विचारात घ्यावीत.

साहेबांनी आमचाच पहिला अहवाल काढला. "इथे तुम्हीच लिहिलंय, जुळणी उत्तम. पॉइंट शहाण्णव. हे खोटं आहे का?"

"खोटं नाही," मी म्हटलं. "पण त्याचा अर्थ तुम्ही घेतला तो नाही."

"मग मी कोणता घ्यायला हवा होता? मला संख्याशास्त्र येत नाही. मी तुमच्यावर विश्वास ठेवला."

याचं उत्तर एका वाक्यात मावणारं नव्हतं, आणि साहेबांच्या टेबलासमोर दोन वाक्यांना वेळ नसतो. पुढच्या वर्षी प्रश्नावली वापरणार नाही, असं त्यांनी मान्य केलं. यंदाच्या जागा भरल्या होत्या, मुली येऊन राहिल्या होत्या, त्यांना काढून दुसऱ्या घेता येणार नव्हत्या. आणि बाद झालेली मुलगी पुढच्या वर्षी आठवीला बसू शकत नव्हती, कारण मध्ये वर्ष गेलं की नियमात बसत नाही. बाहेर आल्यावर बाई पायरीवर बसल्या. मी पाणी आणून दिलं.

बाईंनी दुसरी फेरी प्रबंधात घातली. त्यामुळे प्रबंध दोन वर्षं लांबला. निवडलेल्या मुलींपैकी काही त्या उन्हाळ्यात मोहाच्या दिवसांत घरी गेल्या त्या आल्याच नाहीत. ही बातमी मला बाईंनी स्टाफरूममध्ये सांगितली, तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत होतो आणि तपासतच राहिलो.

पुढच्या जूनमध्ये बाई म्हणाल्या, त्या मुख्याध्यापकांना प्रत्यक्ष भेटून सांगायला हवं. प्रश्नावली मागे घेतली, आता मार्कांवर नावं पाठवा, हे पत्राने सांगण्यासारखं नाही. मलाही घेऊन गेल्या. शाळा नुकतीच उघडली होती. आईबाप पोरांना सोडायला आले होते, पेट्या व्हरांड्यात रांगेने लावलेल्या.

मुख्याध्यापकांनी एका मुलीकडे बोट दाखवलं. चौदाएक वर्षांची, डोक्यावरची पेटी उतरवत होती. सोबत पाच-सहा वर्षांची धाकटी बहीण. बापाला ताप होता म्हणून हीच तिला सोडायला आली होती. तीच ती. वर्षभर घरी होती. मोहफुलं वेचली, धान रोवलं. मुख्याध्यापक म्हणाले, पुस्तकं अजून ठेवून आहे.

बाई तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या शेजारी व्हरांड्याच्या कडेला बसल्या. तिला सगळं सांगितलं. घटक वगैरे नाही. एवढंच की तुझे मार्क कमी नव्हते, जागा गेली ती त्या संध्याकाळच्या प्रश्नांमुळे, आणि ते प्रश्न तसे विचारायला नको होते. मुलगी ऐकत होती. धाकटी तिचा पदर ओढत होती.

"आठवते मले," मुलगी म्हणाली. "घरची याद येते काय म्हनून होतं. मी हो लिवली."

"हो."

"मी खोटं लिवली असती, त मले जागा भेटली असती काय?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीही बोललो असतो तर ते लांबलचक झालं असतं. बाई म्हणाल्या, "हो. भेटली असती."

मुलीने मान हलवली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिने धाकटीची वेणी नीट केली, तिचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि तिला गोंडीत काहीतरी सावकाश सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि तिच्याकडून म्हणवून घेतलं. धाकटीने पाठ केल्यासारखं ते म्हटलं.

आम्हाला दोघांनाही गोंडी येत नव्हती. बाईंनी मुख्याध्यापकांकडे पाहिलं.

"बहिणीले समजावून राह्यली," ते म्हणाले. "कोनी इचारलं, त घरची याद येत नाई म्हनून सांगजो."